भिशी अकरा जणींची : वर्गणी, पाळी आणि पाहुणचार

भिशी म्हटली की चेष्टा आलीच. घरातली पुरुषमंडळी म्हणतात, "चालल्या भिशीला, म्हणजे खाणं आणि गप्पा!" आपणही हसून सोडून देतो. पण मैत्रिणींनो, त्या गप्पांच्या आड दर महिन्याला दहा-बारा हजारांची रक्कम हातोहात फिरत असते, कुठलाही कागद न करता, निव्वळ शब्दावर. कुणाचा मिक्सर त्यातून येतो, कुणाची कानातली, तर कुणाच्या मुलाची क्लासची फी. अशी भिशी मोडली तर पैसा जातोच, वर शेजार तुटतो. जिना चढता-उतरता जिच्याशी चार शब्द बोलायचो, तिच्या दारावरून मान खाली घालून जावे लागते.

भिशी मोडते ती बहुधा कुणी लबाड असते म्हणून नव्हे. सुरुवातीला ज्या गोष्टी संकोचापोटी बोलल्या जात नाहीत, त्यांच्यामुळे मोडते. रक्कम किती, नंबर कसे लावायचे, खाण्यावर खर्च किती आणि मधेच कुणी सोडून गेली तर काय, या चार गोष्टी पहिल्या दिवशी वहीत लिहिल्या की पुढचे वर्ष सुखाचे जाते. आमच्या आळीत भिशी जशी चालते, तिचाच हिशेब तुमच्यापुढे मांडते.

अकराच का?

साधारणपणे बारा महिने म्हणून बारा जणी घेतात. पण मे महिन्यात कोण माहेरी, कोण लग्नाला, कोण मुलांना घेऊन गावी! मेमधली भिशी हमखास पुढे ढकलली जाते, आणि एकदा तारीख ढकलायची सवय लागली की पैसेही ढकलले जातात. म्हणून अकरा जणी घ्या. जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करा, एप्रिलमध्ये संपवा, मे महिना सुट्टी. दिवस दुसऱ्या शनिवारचा ठेवला तर बरा. पगार झालेले असतात, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या मैत्रिणीलाही त्या दिवशी सुट्टी असते.

मेअखेरीस एकदा नुसत्या चहाला जमा. त्या दिवशी पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, फक्त ठरवायचे.

रक्कम सर्वांत लहान चिठ्ठीची

"महिना दोन हजार चालतील ना गं सगळ्यांना?" असे मोठ्याने विचारले की सगळ्या माना डोलावतात. जिला जड जाणार असतात, तीही डोलावते. सगळ्यांच्या देखत नाही कसे म्हणायचे? मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीचा खर्च आला की तिचे पैसे उशिरा येऊ लागतात, आणि दोष मात्र तिच्या स्वभावाला लागतो.

त्यापेक्षा प्रत्येकीला एकसारखा कोरा कागद द्या. घरखर्चाला हात न लावता दर महिन्याला जेवढी रक्कम सहज बाजूला काढता येईल तेवढी तिने लिहायची. नाव घालायचे नाही. सगळ्या चिठ्ठ्या उघडा आणि त्यांत जी सर्वांत लहान रक्कम असेल, तीच भिशीची रक्कम. सरासरी नाही, सर्वांत लहान. आमच्याकडे दोन हजारांच्या चिठ्ठ्या होत्या, दीड हजारांच्या होत्या, एक हजाराची एकच होती. हजारच ठरले. ती चिठ्ठी कुणाची, हे आजही कुणी विचारलेले नाही.

म्हणजे अकरा जणींचे दरमहा ११,००० रुपये जमतात, आणि प्रत्येकीला वर्षातून एकदा ते एकरकमी मिळतात.

ज्यांना जास्त टाकायचे असतील त्या म्हणतील, "मी दोन नंबर घेते." ते टाळा. एकीवर दोघींचा भार असला आणि तिचीच अडचण झाली, तर एका महिन्यात दोन हजारांचा खड्डा पडतो.

नंबर कसे लावायचे

दर महिन्याला चिठ्ठी काढण्यात गंमत असते हे खरे. पण जिला जूनमध्ये फी भरायची आहे तिचा नंबर मार्चमध्ये निघाला, तर त्या गंमतीचा तिला काय उपयोग? म्हणून सगळ्या चिठ्ठ्या त्या मेमधल्या चहाच्या दिवशीच काढाव्यात. आपला महिना आधी कळला की त्या बेताने खर्च ठरवता येतो.

मात्र चिठ्ठ्या दहाच करायच्या. अकरावा, म्हणजे एप्रिलचा शेवटचा नंबर, वही सांभाळणारीचा. हा नियम आमच्या भिशीचा कणा आहे. जिला सर्वांत शेवटी पैसे मिळायचे आहेत, तिला भिशी शेवटपर्यंत नीट चालावी याची सर्वांत जास्त काळजी असते. हिशेब ठेवणारीनेच पहिला नंबर उचलला आणि मग हळूहळू तिचा उत्साह ओसरला, असे आपण कितीतरी ठिकाणी ऐकतो.

पाहुणचाराची पाळीही याच नंबरांना बांधून टाका. ज्या महिन्यात भिशी मिळेल, त्याच्या पुढच्या महिन्याचे बोलावणे तिच्या घरी. जूनमध्ये एक नंबरने उचलली की जुलैत तिच्याकडे, जुलैत दोन नंबरने उचलली की ऑगस्टमध्ये तिच्याकडे, असे करत एप्रिलचे बोलावणे दहा नंबरकडे येते. राहिला पहिला जून, तो वही सांभाळणारीच्या घरी. वहीत उभ्या दोन ओळी आखून पाहा. अकरा महिन्यांत अकरा घरे बरोबर एकेकदा येतात, कुणाकडे दोनदा नाही आणि कुणी सुटतही नाही.

भिशी आणि पाहुणचार एकाच दिवशी एकीच्याच घरी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हातात अकरा हजार आले की घरची बाई साहजिकच सैल हाताने खर्च करते. बाकीच्याही गमतीने म्हणतात, "आज काय बाई, तुझी दिवाळी!" आणि पाहता पाहता भिशीतले हजार-दीड हजार खाण्यात जातात.

नंबर निघाल्यावर दोघींना आपसात बदलायचे असतील तर खुशाल बदलू द्या, पण त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, वहीत लिहून. आमच्यातल्या एकीला पहिला नंबर आला होता आणि तिला घाई नव्हती. नववा नंबर आलेल्या मैत्रिणीला मुलाच्या प्रवेशासाठी जूनमध्येच पैसे हवे होते. दोघींनी चिठ्ठ्या बदलल्या आणि त्याबरोबर बोलावण्याचे महिनेही बदलले.

पहिलीचा फायदा, शेवटचीचा तोटा

"शेवटी काय, हजार हजार भरून अकरा हजारच मिळायचे. मग नंबर कुठला का असेना!" असे म्हणतात, पण ते पूर्ण खरे नाही. पहिला नंबर मिळालेली हजार भरून अकरा हजार घेते आणि बाकीचे दहा हप्ते नंतर फेडते. म्हणजे तिला बिनव्याजी कर्ज मिळते. शेवटचीने मात्र ते इतरांना वापरायला दिलेले असतात.

किती फरक पडतो ते पाहू. व्याज वर्षाला सहा टक्के धरले तर हजार रुपयांना महिन्याला पाच रुपये होतात. शेवटच्या नंबरचा जूनचा हप्ता दहा महिने अडकतो, जुलैचा नऊ महिने, ऑगस्टचा आठ. अशी दहापासून एकपर्यंत बेरीज पंचावन्न. पंचावन्न गुणिले पाच, म्हणजे २७५ रुपये. तेवढाच तिचा तोटा आणि तेवढाच पहिलीचा फायदा. मधल्या सहाव्या नंबरला फायदाही नाही, तोटाही नाही.

रक्कम मोठी नाही, पण दरवर्षी तीच बाई शेवटी राहिली तर मनात खुपते. यावर सोपा उपाय आहे. दुसऱ्या वर्षी चिठ्ठ्या काढूच नका. तीच यादी उलटी करा. अकरावी पहिली, दहावी दुसरी, आणि पहिली शेवटची. दोन वर्षांत प्रत्येकीचा हिशेब अगदी पैशापर्यंत बरोबरीत येतो. आणि शेवटच्या नंबरबरोबर वहीही त्या नव्या शेवटचीकडे जाते, म्हणजे तेही काम फिरते राहते. मात्र याच कारणासाठी सुरुवातीलाच दोन वर्षांचा शब्द घ्यावा.

पैसे द्यायची रीत

दुसऱ्या शनिवारच्या आदल्या गुरुवारपर्यंत पैसे पोचले पाहिजेत. हल्ली बहुतेक जणी फोनवरूनच पैसे पाठवतात. ते वही सांभाळणारीकडे न पाठवता, त्या महिन्यात जिचा नंबर आहे थेट तिच्याकडेच पाठवावेत. वहीवालीच्या खात्यातून उगीच लोकांचे पैसे फिरायला नकोत. पैसे पाठवल्यावर तिला तेवढा निरोप द्यायचा, म्हणजे ती नावापुढे खूण करते. रोख देणाऱ्यांनी शनिवारी जमल्याबरोबर द्यावेत. चहाफराळ होण्याआधी, सगळ्यांदेखत मोजून, आणि घेणारीची वहीत सही घेऊन. खाणे झाल्यावर पैशाचा विषय काढणे फार जड जाते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

बोलावण्याला यायला जमले नाही तरी पैसे चुकवायचे नाहीत. ताप आला, पाहुणे आले, तरी फोन हातात असतोच. उशीर झाला तर पन्नास रुपये दंड, आणि तो त्या महिन्याच्या खाऊच्या खर्चात. दंड मागायला संकोच वाटतो, म्हणून पहिला दंड ज्या दिवशी होईल त्या दिवशीच घ्या. एकदा सोडला की दुसऱ्यांदा मागता येत नाही.

पुढचे बिघाड आधी ओळखू येतात. एखादी सलग दोन महिने शुक्रवारी रात्री पैसे पाठवते, किंवा "अर्धे आज, अर्धे सोमवारी" म्हणते, तेव्हा वहीवालीने तिला एकटीला गाठून विचारावे. चारचौघींत विचारू नये. बहुधा घरात काहीतरी ओढाताण असते. तिने अजून भिशी उचलली नसेल तर तिचा नंबर अलीकडे घेता येतो का, हे आपसात पाहता येते.

मधेच सोडून गेली तर?

बदलीच्या नोकरीची कुटुंबे गावोगावी असतात, तेव्हा हे होणारच. यात दोन बाजू आहेत.

समजा नऊ नंबरच्या बाईंच्या यजमानांची सप्टेंबरनंतर बदली झाली. त्यांनी चार हप्ते, म्हणजे चार हजार रुपये भरलेत, आणि उचललेले काही नाही. भिशीतून ते परत द्यायचे म्हटले तर त्या महिन्याच्या रकमेतून चार हजार कमी होतील, आणि त्याचा फटका भलतीलाच बसेल. म्हणून त्यांच्या जागी दुसरी मैत्रीण शोधायची. नवी येणारी चार हजार थेट जुनीच्या हाती देते आणि नऊ नंबर तिचा होतो. कुणी मिळालीच नाही, तर जुनीने गावाहून पैसे पाठवत राहायचे आणि आपल्या महिन्यात रक्कम घ्यायची.

आता दुसरी बाजू. दोन नंबरने जुलैत अकरा हजार उचलले आणि ऑक्टोबरनंतर ती गाव सोडते आहे. तिने पाच हप्ते भरलेत, सहा राहिलेत. सहा हजार म्हणजे पुढच्या सहा जणींचे तिच्याकडे एक-एक हजार येणे आहे. हे देणे आहे, वर्गणी नव्हे, एवढे वाक्य पहिल्या दिवशी मोठ्याने वाचा. भिशी उचललेलीला सोडता येत नाही, फक्त दुसऱ्या गावाहून भरता येते.

म्हणून एक नियम लिहून ठेवा : जिने जिला भिशीत आणले, ती तिला जामीन. पहिल्या पाच नंबरांत ही गोष्ट महत्त्वाची, कारण जूनमध्ये उचलणारीकडे दहा हजार येणे राहते आणि मार्चमध्ये उचलणारीकडे फक्त एक हजार. हा नियम असला की कुणी अर्धवट ओळखीच्या बाईला "असू दे, अकरा पूर्ण होतील" म्हणून आणत नाही. अकरा जमल्या नाहीत तर नऊ जणींची भिशी करा, महिने नऊ होतील, एवढेच.

एक सावधगिरी. लिलावाची भिशी, म्हणजे जी जास्त रक्कम सोडेल तिला आधी पैसे, किंवा चालवणारी कमिशन घेते अशी भिशी आपण करू नये, आणि कुणी बोलावले तर जाऊ नये. तो चिट फंडाचा व्यवहार झाला. त्यासाठी १९८२ चा केंद्रीय कायदा आहे आणि सरकारी परवानगी व नोंदणी लागते. आपली भिशी ओळखीतली, कमी पैशांची आणि कुणाच्याही कमाईची नव्हे, अशीच ठेवावी.

खाऊचे शंभर

भिशीच्या हजाराबरोबर प्रत्येकीने खाऊचे शंभर रुपये घरधनिणीला द्यायचे. तिचे स्वतःचे धरून अकराशे होतात. खर्च त्याच्या आत. एक तिखटाचा पदार्थ, एक गोड, चहा. बस.

अकराशेत काय होते, असे वाटेल. आमच्याकडच्या एका मिसळीचा हिशेब पाहा. अर्धा किलो मटकी ७० रुपये, पाऊण किलो फरसाण २००, दोन डझन पाव १००, कांदे-खोबरे-लिंबू-कोथिंबीर-मसाला-तेल मिळून १५०, अर्धा किलो दही ५०. शेवयांच्या खिरीला दोन लिटर दूध १२०, शेवया, साखर आणि थोडे काजू १२०. चहाचे दूध ६०, साखर आणि पावडर ५०. बेरीज ९२०. उरलेल्या १८० रुपयांत गॅस आणि खेळातले बक्षीस. तुमच्या गावचे भाव थोडे वरखाली असतील, पण ताटात कमी काही पडत नाही. मटकी मात्र आठवणीने गुरुवारी सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, म्हणजे शनिवारपर्यंत चांगले मोड येतात.

मर्यादा मोडते ती नेहमी कौतुकाने. "मी आपली हौसेने केलं गं, पैसे कुठे मागतेय!" म्हणून एखादी तीन पदार्थ आणि वर आइस्क्रीम ठेवते. पुढच्या महिन्याची तेवढे करतेच, त्याच्या पुढचीला दडपण येते. मग कुणाच्या तरी घरी नेमके बोलावण्याच्या महिन्यात पाहुणे येतात, रंगकाम निघते, पाळी ढकलली जाते. पाळी ढकलायच्या विनंत्या वाढल्या की समजावे, खर्च कुणाला तरी झेपत नाही. मर्यादा गरिबीसाठी नव्हे, सगळ्यांसाठी सारखी आहे, आणि ती मोडणारीला दुसऱ्या मैत्रिणींनीच हसत टोकले पाहिजे. येताना भेटवस्तू आणायची नाही, हाही नियम लिहून ठेवा.

दर महिन्याचा विषय

विषय असला की गप्पा सासू-सुनांवरून जरा दुसरीकडे वळतात. पण त्यासाठी नवी खरेदी करायची नाही, "घरात आहे तेच" एवढी अट ठेवा. एकाच रंगाच्या साडीचा विषय काढला की निम्म्या जणी दुकानात जातात. त्याऐवजी लग्नातली किंवा आईची साडी नेसून या म्हटले तर प्रत्येकीकडे ती असतेच, आणि तिची गोष्टही असते.

आपले महिनेच विषय पुरवतात. श्रावणात मंगळागौरीचे खेळ, फुगड्या-झिम्मा. गुडघे दुखणाऱ्यांनी गाणी म्हणावीत. नवरात्राच्या सुमाराला भोंडला. त्यात खिरापत ओळखायची गंमत आयतीच असते, म्हणून त्या महिन्यात गोड पदार्थ घरधनिणीने अगदी गुप्त ठेवायचा. हिवाळ्यात जुन्या स्वेटरची लोकर उसवून काय करता येते ते एकमेकींना दाखवावे. फेब्रुवारीत वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच पाच मिनिटे. परीक्षा जवळ आलेल्या असतात, मार्चची भिशी तासाभरात उरकावी.

जानेवारीबद्दल थोडे सांभाळून. संक्रांतीचे हळदीकुंकू भिशीतच उरकावे असे बऱ्याच जणींना वाटते. आमच्यात दोघी अशा आहेत की ज्यांचे यजमान हयात नाहीत. त्या इतर महिन्यांत सर्वांत हौशी, पण हळदीकुंकू म्हटले की त्यांना आपोआप "काम निघते". ज्यांनी महिनोन्‌महिने आपल्याइतकेच पैसे भरले, त्यांना एका महिन्यात दाराबाहेर कसे ठेवायचे? आम्ही ठरवले की जानेवारीचा विषय तिळगूळ. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना सारखे, कुंकू ज्यांना हवे त्यांना. गेल्या वेळी दोघीही आल्या. वाणाचा खर्चही खाऊच्या अकराशेतच बसवायचा, म्हणून त्या दिवशी गोड पदार्थ वेगळा करायचा नाही.

एप्रिलमध्ये वही मिटताना

शेवटच्या शनिवारी वहीवालीने अकराही नावे, अकराही सह्या मोठ्याने वाचाव्यात. दंडाचे किती आले आणि कुठे खर्च झाले तेही सांगावे. पानाखाली सगळ्यांनी सह्या कराव्यात, म्हणजे त्या वर्षाचे देणेघेणे संपले. कुणाला पुढच्या वर्षी थांबायचे असेल तर तिने तेव्हाच सांगावे, मेमधल्या चहापर्यंत तिच्या जागी दुसरी मिळते. रक्कम वाढवायची का, हेही पुन्हा कोऱ्या चिठ्ठ्यांनीच ठरवा. त्या वर्षात कुणाच्या घरी नोकरी सुटली असेल, कुणाकडे आजारपण असेल, ते तोंडाने कुणी सांगत नाही. चिठ्ठीतला सर्वांत लहान आकडा मात्र बरोबर सांगतो.